जवळच्याची रजा शेवटी वापरा

स्मृतिभ्रंश झालेल्या आईला एकटं ठेवता येत नाही, हे कळतं तेव्हा पहिली रजा टाकतो तो तिच्याबरोबर राहणारा मुलगा किंवा सून. मला हीच सुरुवात चुकीची वाटते. हा आजार वर्षानुवर्षं चालतो आणि रजा दिवसांत मोजली जाते.

आईवडिलांच्या देखभालीसाठी वेगळी रजा आपल्याकडे जवळजवळ नाहीच. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला 30 दिवस अर्जित, 20 दिवस अर्धपगारी आणि 8 दिवस नैमित्तिक रजा मिळते, ती या कारणासाठी वापरता येते. महाराष्ट्रात 2017च्या कायद्याखाली येणाऱ्या दुकान-कार्यालयांत 8 नैमित्तिक रजा आहेत. शिवाय वर्षात 240 दिवस काम झालं, तर दर 20 दिवसांमागे 1 भरपगारी रजा. म्हणजे साधारण तीन आठवडे.

आता एक घर धरू. आई नाशिकला, थोरला मुलगा आणि सून तिच्याजवळ. मुलगी पुण्यात केंद्र सरकारी नोकरीत, धाकटा बंगळूरला. आठवड्याचे तास 168. ब्युरोच्या मावशी सकाळी 8 ते रात्री 8, आठवड्याचे सहा दिवस येतात. ते 72 झाले. उरलेले 96 तास म्हणजे सगळ्या रात्री आणि रविवार. आई संध्याकाळनंतर जास्त बेचैन होते, ‘घरी जायचंय’ म्हणत कडी काढते. सगळ्यात अवघड तास नेमके हेच. तक्ता मांडताना सुनेचे तास तिच्या नावावर लिहा, नाहीतर ते कुणाच्याच खात्यात दिसत नाहीत.

मुलगी महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी येते आणि सोमवारी रजा टाकून सकाळी निघते. तिच्या आठ नैमित्तिक रजांतून आठ महिने निघतात, पुढचे सोमवार अर्जित रजेतून. धाकटा दर तीन महिन्यांनी आठवडाभर खरी रजा घेऊन येतो. घरून काम करत आईवर नजर ठेवणं होत नाही. मीटिंगच्या अर्ध्या तासात ती फाटकाबाहेर गेलेली असते. पहिला दिवस त्याने थोरल्याच्या बरोबरीने काढावा, कोणती गोळी कधी दिली हे वहीत पाहावं. दोघांनी एकच गोळी दिली, असं या घरांत फार होतं.

थोरल्याची रजा मात्र राखून ठेवायची. मावशी न सांगता गावी जातात, आई पडते, दवाखान्यात न्यावं लागतं. त्या सकाळी पुण्याहून किंवा बंगळूरहून कुणी तासाभरात पोचू शकत नाही. वहीत त्याच्या सलग जागरणांच्या नोंदी वाढू लागल्या, तर लांबच्या दोघांनी पुढची फेरी अलीकडे घ्यावी, किंवा पैसे घालून रात्रीची मावशी ठेवावी.