डाली : दिव्याला पत्ता, गट आणि सीन

ऑफिसच्या एका मजल्यावर 48 दिवे आहेत असं समजा. साध्या वायरिंगमध्ये कोणते दिवे एकत्र लागतील हे वायर ठरवते. डालीमध्ये ते पत्त्यावरून ठरतं. दोन वायरींच्या एका लाइनवर 0 ते 63 असे 64 पत्ते बसतात, म्हणून आपल्याला एकच लाइन पुरते.

आता मीटिंग रूमचे सहा दिवे गट 2 मध्ये टाका. सीन 1 मध्ये सगळे पूर्ण प्रकाशावर. सीन 2 मध्ये पडद्याजवळचे दोन बंद, बाकीचे चार मंद. ही पातळी प्रत्येक दिव्याच्या ड्रायव्हरमध्येच साठवलेली असते. त्यामुळे 'गट 2, सीन 2' एवढा एकच आदेश जातो आणि प्रत्येक दिवा आपापली पातळी घेतो.

सेन्सर फक्त हालचाल कळवतो. मग कंट्रोलर सीन 1 लावतो आणि शेवटच्या हालचालीनंतर, समजा 15 मिनिटांनी, गट बंद करतो. ही वेळ फार कमी ठेवली तर शांत बसलेल्या माणसांवर अंधार होतो.

जळालेला ड्रायव्हर बदलला तर? नवा कोरा असतो : ना पत्ता, ना गट, ना सीन. खोली रिकामी झाली तरी तो दिवा एकटाच पूर्ण प्रकाशात राहतो. पण संपूर्ण लाइनला 'बंद' आदेश दिला की तोही विझतो. म्हणजे वायरिंग ठीक आहे. त्याला पत्ता, गट 2 आणि दोन्ही सीन पुन्हा द्या.