साठ शर्ट, पाच साइज: पहिल्या मालाची वाटणी

रेवदंड्यासारख्या गावात तयार कपड्यांचे दुकान थाटताना पहिला माल प्रत्येक साइजमध्ये सारखा भरावा, म्हणजे कोणतेही गिऱ्हाईक परत जाणार नाही, असा समज रूढ आहे. घाऊक व्यापारी बहुधा प्रत्येक साइजचा एकेक नग असलेला सेट देत असल्याने हा समज आपोआप पक्का होतो. वस्तुस्थिती अशी की मधल्या साइजना मागणी अधिक आणि दोन्ही टोकांना कमी असते, आणि एकूण मागणीतील प्रत्येक साइजच्या या वाट्यालाच ‘साइज कर्व्ह’ म्हणतात. समजा, पुरुषांच्या शर्टांची हंगामातील खरी मागणी 38 मध्ये 6, 40 मध्ये 15, 42 मध्ये 18, 44 मध्ये 14 आणि 46 मध्ये 7, अशी एकूण 60 नगांची आहे. प्रत्येक साइजचे 12 नग भरल्यास मधल्या तीन साइजची 11 गिऱ्हाइके परत जातात आणि टोकाच्या दोन साइजचे 11 नग पडून राहतात. त्याऐवजी पाच साइजचे 6 पूर्ण सेट, केवळ 40-42-44 चे 9 सेट आणि 42 चे 3 सुटे नग मिळवता आले, तर खरेदी मागणीच्या अगदी जवळ जाते.

हे प्रमाण विक्रीच्या वहीतून सरळ उतरवता येते, हा दुसरा आणि अधिक घातक गैरसमज होय, कारण वहीत विकलेला माल दिसतो, मागितलेला नव्हे. दोन महिन्यांच्या हंगामात 42 चे 12 नग 40 दिवसांतच संपले, तर वही 12 चाच आकडा दाखवते. परंतु माल हाताशी असतानाच्या गतीने 60 दिवसांचा हिशेब केल्यास मागणी 18 ठरते. म्हणून साइज संपल्याची तारीख आणि त्यानंतर नसलेल्या साइजसाठी परत गेलेले प्रत्येक गिऱ्हाईक यांची नोंद ठेवणे अपरिहार्य आहे.

रंग वाढवले की विक्री वाढते, हा समजही तपासून घ्यावा लागतो. पाच साइज आणि सहा रंग म्हणजे 30 प्रकार होतात आणि 60 नगांत प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दोनच येतात, त्यामुळे पहिल्या काही विक्रींतच सेट तुटतात. तीनच रंग घेऊन नेव्ही ब्लू 27, आकाशी 21 आणि मरून 12 अशी विभागणी करावी, आणि मरूनचे केवळ 40, 42 व 44 मध्ये प्रत्येकी चार नग ठेवावेत. भडक किंवा नवा रंग टोकाच्या साइजमध्ये भरणे म्हणजे कमी गिऱ्हाइकांतून आणखी कमी निवडणे होय.

मुंबईच्या दुकानाचे प्रमाण येथे जसेच्या तसे चालत नाही, कारण रेवदंड्यात चौल-कोर्लईचे नेहमीचे गिऱ्हाईक आणि शनिवार-रविवारचा पर्यटक यांची मागणी वेगवेगळी असू शकते, आणि चौलच्या दत्तजयंतीच्या यात्रेतील गर्दी वर्षभराचे चित्र नसते. या तिन्हींच्या विक्रीच्या नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात. पहिल्या हंगामाच्या सुरुवातीला 60 पैकी 40 नगच आणावेत आणि उरलेल्या 20 नगांची साइज तीन-चार आठवड्यांच्या नोंदी पाहून ठरवावी.