फतवा कुणावर बंधनकारक?

उत्तर प्रदेशातल्या देवबंदला 1866 मध्ये स्थापन झालेली दारुल उलूम ही धर्मशिक्षणाची संस्था आहे. तिथल्या मुफ्तींकडे येणाऱ्या प्रश्नांची एक जुनी ठेवण असते. सुरुवातीला 'पुढील मसल्याबाबत उलमा-ए-दीन काय फर्मावतात?' अशी विचारणा असते आणि मग हकीकत. त्यात खरी नावे बहुधा नसतात. जैद, अम्र, हिंदा अशी परंपरेने चालत आलेली नावे घालून गोष्ट मांडली जाते. बँकेच्या व्याजाचे काय करावे, वडिलांच्या मागे मुलीचा हिस्सा किती, प्रवासात नमाज कशी पढावी, रागाच्या भरात नवरा अमुक बोलला तर तलाक झाला का, असे हे रोजच्या जगण्यातले प्रश्न. मुफ्ती ग्रंथांचे आधार देऊन उत्तर लिहितात, शेवटी 'अल्लाहच अधिक जाणतो' असे नमूद करतात आणि सही करतात. दुसऱ्या मुफ्तींना उत्तर पटले, तर 'उत्तर बरोबर आहे' असा शेरा मारून तेही सही करतात. या उत्तराला फतवा म्हणतात.

म्हणजे कुणीतरी विचारल्याशिवाय सहसा फतवा नसतो. आणि विचारले जाते तेवढ्याचेच उत्तर दिले जाते. मुफ्ती साक्षीदार बोलवत नाहीत, दुसऱ्या बाजूचे म्हणणे मागवत नाहीत, हकीकत खरी की खोटी याचा तपास करत नाहीत. 'तुम्ही लिहिले तसे घडले असेल, तर शरियतचे म्हणणे असे' एवढाच त्यांच्या उत्तराचा आवाका. एखाद्या घरातल्या भांडणाबद्दल नवऱ्याने एक हकीकत लिहून पाठवली आणि बायकोने दुसरी, तर एकाच मुफ्तींकडून दोघांना दोन वेगळी उत्तरे मिळू शकतात, आणि आपापल्या प्रश्नापुरती दोन्ही बरोबर असतात. म्हणूनच इस्लामी परंपरेत मुफ्ती आणि काझी ही दोन कामे वेगळी ठेवलेली आहेत. काझी दोन्ही बाजू ऐकतो, पुरावा पाहतो आणि निवाडा देतो, आणि तो पक्षकारांवर बंधनकारक असतो. मुफ्ती मत देतो.

हा फरक पुसला गेला की काय होते, ते 2005 साली मुझफ्फरनगर जिल्ह्यात दिसले. पाच मुलांच्या आईवर सासऱ्याने बलात्कार केल्याची तक्रार होती. गावातल्या काही लोकांनी ठरवून टाकले की आता ही नवऱ्याची बायको राहिली नाही. पुढे देवबंदहूनही त्याच आशयाचा फतवा आला. त्याबद्दल देशभर संताप उसळला आणि तो रास्त होता. गुन्हा सासऱ्याचा, आणि संसार मोडायचा तो जिच्यावर अत्याचार झाला तिचा!

मात्र त्या फतव्यामागचा शास्त्रार्थ समजून घेण्यासारखा आहे. बापाने ज्या स्त्रीशी विवाह केला तिच्याशी मुलाने विवाह करू नये, असा कुराणात निषेध आहे. हनफी पंथाच्या शास्त्र्यांनी त्याचा अर्थ विस्तारला. त्यांच्या मते बापाचा एखाद्या स्त्रीशी शरीरसंबंध आला, मग तो अवैध का असेना, तर ती मुलाला कायमची निषिद्ध होते. देवबंद हनफी आहे, त्यामुळे उत्तर त्या चौकटीतून आले. शाफई पंथाला हा विस्तार मान्य नाही. अवैध संबंधामुळे वैध विवाह तुटत नाही, असे त्यांचे शास्त्र सांगते. आपल्या कोकणातले मुसलमान परंपरेने शाफई आहेत. हाच प्रश्न रत्नागिरीतल्या किंवा रायगडातल्या एखाद्या शाफई मुफ्तींपुढे आला असता, तर त्यांच्या पंथाप्रमाणे उत्तर असते: निकाह कायम आहे. धर्म तोच, कुराण तेच, घटनाही तीच, आणि तरी उत्तरे परस्परविरोधी. सुन्नी मुसलमानांमध्ये सगळ्यांना बांधून घेणारे एकच धर्मपीठ नाही, याचा प्रत्यक्षातला अर्थ हा असा आहे.

मग सामान्य श्रद्धावानाने फतवा किती मानायचा? परंपरेचे उत्तर असे, की ज्याला शास्त्र ठाऊक नाही त्याने जाणत्याला विचारावे, आणि ज्याच्या विद्वत्तेवर व सचोटीवर विश्वास आहे त्याचे म्हणणे आचरावे. त्यामुळे स्वतः विचारून घेतलेल्या उत्तराचे ओझे त्याच्या मनावर असते, आणि ते खरेच असते. श्रद्धावान माणूस ते झटकून टाकत नाही. पण हे बंधन त्याच्या आणि ईश्वराच्या मधले आहे. उत्तराने समाधान झाले नाही, तर दुसऱ्या मुफ्तींना विचारण्याची मोकळीक त्याला आहे. सोयीचे उत्तर मिळेपर्यंत दारोदार फिरणे मात्र उलेमांना मान्य नाही. शिया पंथात बंधन थोडे अधिक घट्ट असते. तिथे माणूस एका मोठ्या धर्मशास्त्र्याला आपला मार्गदर्शक मानतो आणि धर्माचरणात त्याचेच मत पाळतो. पण तेही त्याच्या अनुयायांपुरतेच.

मुझफ्फरनगरच्या प्रकरणात ही साखळी मुळातच तुटलेली होती. फतवा मागणारी ती बाई नव्हती, तिचा नवराही नव्हता. एका पत्रकाराने परस्पर प्रश्न पाठवला होता. जिने विचारलेच नाही, तिच्या संसाराबद्दल तिचे म्हणणे न ऐकता मत दिले गेले आणि ते निकालासारखे सगळीकडे पसरले. माझ्या मते खरा अन्याय इथे झाला. मुफ्तींनी 'हा प्रश्न तुमचा नाही' असे म्हणून तो कागद परत करायला हवा होता.

विश्व लोचन मदन या वकिलांनी 2005 मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिचा निकाल 7 जुलै 2014 रोजी लागला आणि त्यात न्यायालयाने याच मुद्द्यावर बोट ठेवले. फतवा देण्यावर सरसकट बंदी घालायला न्यायालयाने नकार दिला, कारण मत देणे हा गुन्हा नाही. पण फतव्याला कायद्याचे कोणतेही पाठबळ नाही, आणि तो न मानल्यास कुणाचाही कोणताही हक्क जात नाही, हे स्पष्ट केले. तिऱ्हाईताने विचारले म्हणून एखाद्या व्यक्तीच्या हक्कांवर, प्रतिष्ठेवर परिणाम करणारा फतवा देऊ नये, असेही बजावले. खुद्द देवबंदची भूमिकाही न्यायालयात अशीच होती, की आम्ही मत देतो, ते अमलात आणण्याची सत्ता आमच्याकडे नाही.

त्या सासऱ्यावर फौजदारी न्यायालयात रीतसर खटला चालला. 2006 मध्ये तो दोषी ठरला आणि त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली.

तरीही खेड्यात, मोहल्ल्यात फतव्याचा धाक असतो, हे नाकारता येत नाही. तो मुफ्तींच्या सहीतून येत नाही. तो कागद हातात घेऊन दारात उभे राहणारे भाऊबंद, मुलांची लग्ने अडवण्याची धमकी, मय्यतीला कुणी येणार नाही ही भीती, यांतून तो येतो. स्वतंत्र कमाई नसलेल्या बाईला हा धाक सर्वांत जास्त जाचतो. म्हणून तिच्यापर्यंत सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालातले एक वाक्य तरी पोहोचायला हवे: फतवा कुणावर जबरदस्तीने लादणे बेकायदा आहे. तसे करणाऱ्याविरुद्ध तिला पोलिसांत तक्रार करता येते.