एकाला आठवतं, दुसऱ्याला नाही

मोबाइलच्या यादीत इयरफोनचं नाव असतं, खाली ‘पेअर्ड’ असंही लिहिलेलं असतं. पण त्यावर बोट ठेवलं की चक्र थोडा वेळ फिरतं आणि ‘जोडता आलं नाही’ असं उत्तर येतं. कालपर्यंत हीच जोडी डबी उघडताक्षणी आपसूक जुळत होती. बॅटरी संपली म्हणून असं झालं असेल, असं बहुतेकांना वाटतं. तसं सहसा नसतं. ओळखीची नोंद बॅटरी संपली तरी टिकणाऱ्या मेमरीत असते. ती नोंद कुठल्या तरी एकाच बाजूने पुसली गेलेली असते आणि दुसऱ्या बाजूला त्याचा पत्ता नसतो.

ही नोंद तयार होते पेअरिंगच्या वेळी. पहिल्या भेटीत दोन उपकरणं मिळून १२८ बिटांची एक गुप्त किल्ली ठरवतात. ती किल्ली समोरच्याच्या पत्त्यासह दोघांनी जपून ठेवणं म्हणजे बाँडिंग. पुढच्या प्रत्येक भेटीत किल्ली हवेतून पाठवली जात नाही. एक जण एक नवा आकडा पाठवतो, दुसरा आपल्याजवळची किल्ली वापरून त्याचं उत्तर काढतो. उत्तर जुळलं तर पुढचं सगळं बोलणं त्याच किल्लीच्या आधाराने कुलूपबंद होतं.

प्रश्न असा की ही पहिली किल्ली उघड्या हवेत ठरवायची कशी? सुरुवातीच्या ब्लूटूथमध्ये त्यासाठी पिन होता, आणि हेडसेटचा पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असायचा. किल्ली त्या पिनमधून आणि हवेतून गेलेल्या आकड्यांमधून तयार व्हायची. त्यामुळे तेवढी देवाणघेवाण कुणी टिपली, तर शक्य असलेले सगळे पिन घरी बसून तपासून बघता यायचे. २००५ मध्ये यानिव शकेद आणि अविशाई वूल या संशोधकांनी दाखवलं, की चार आकडी पिन साध्या पेंटियम संगणकावर सेकंदाच्या छोट्याशा अंशात सापडतो.

२००७ साली आलेल्या २.१ आवृत्तीने ही पद्धत बदलली. आता प्रत्येक उपकरण दोन आकडे तयार करतं, एक स्वतःजवळ ठेवायचा आणि एक जाहीर करायचा. आपला गुप्त आकडा आणि समोरच्याचा जाहीर आकडा यांवर ठरलेलं गणित केलं, की दोन्हीकडे उत्तर एकच येतं. नुसतं ऐकणाऱ्याला फक्त जाहीर आकडे मिळतात, आणि त्यांवरून उत्तर काढणं व्यवहारात अशक्य असतं.

तरी एक फट उरते. मध्ये एखादं तिसरं उपकरण बसलं आणि त्याने मोबाइलशी लॅपटॉप बनून, लॅपटॉपशी मोबाइल बनून वेगवेगळा व्यवहार केला तर? ते पकडण्यासाठी दोन्ही पडद्यांवर सहा आकडे येतात आणि ‘जुळतात का?’ असं विचारलं जातं. हा आकडा गुपित नव्हे. खोलीतल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला तरी काही बिघडत नाही. तो दोघांच्या जाहीर आकड्यांपासून काढलेला असतो, त्यामुळे मध्ये कुणी असेल तर दोन पडद्यांवर वेगळे आकडे दिसतात. निसटून जाण्याची त्याची शक्यता दहा लाखांत एक. आपण मात्र आकडे न बघताच ‘पेअर’ दाबतो आणि ही सगळी तपासणी फुकट जाते.

कीबोर्डला पडदा नसतो. तिथे संगणक सहा आकडी पासकी दाखवतो आणि आपण ती कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबतो. पासकी एकदम तपासली जात नाही. ० ते ९,९९,९९९ मधला कुठलाही आकडा वीस बिटांत मावतो, म्हणून वीस फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत एकच बिट पडताळला जातो. अंदाजाने खेळणारा मधला माणूस एखाद्या फेरीत चुकतो आणि तिथेच व्यवहार थांबतो. वीस फेऱ्या झाल्यावर मात्र ऐकणाऱ्याला पासकी काढता येते. तोवर तिचं काम संपलेलं असतं, म्हणून त्याचा उपयोग नसतो. पण एखाद्या यंत्राची पासकी कायमची एकच असेल, खाली स्टिकरवर छापलेली, तर एका पेअरिंगमध्ये ऐकलेली पासकी पुढच्या पेअरिंगमध्ये मध्ये घुसायला कामी येते. पासकी दर वेळी नवी हवी ती यासाठी.

इयरफोनला ना पडदा, ना बटणांची पाटी. तिथे किल्ली त्याच गणिताने बनते, पण मध्ये कुणी आहे का हे कुणीच तपासत नाही.

आता इयरफोनच्या तक्रारीकडे येऊ. समजा, घरातल्या कुणी डबीचं बटण बराच वेळ दाबून धरलं आणि इयरफोन रीसेट झाले. त्यांच्या मेमरीतल्या सगळ्या किल्ल्या गेल्या, मोबाइलकडची मात्र शाबूत आहे. मोबाइल जुन्या पत्त्यावर हाक मारतो, इयरफोन ओ देतात. मोबाइल जुन्या किल्लीवर पडताळणी मागतो, आणि इयरफोनकडून उत्तर येतं ‘किल्ली नाही’. ब्लूटूथमध्ये या उत्तराला ठरलेला संकेतांक आहे, 0x06. मोबाइल तिथेच थांबतो. काही फोन अशा वेळी ‘पिन किंवा पासकी चुकीची’ असा संदेश दाखवतात. ज्याने कधी पिन टाकलाच नाही, त्याला यातून काय कळणार? ‘समोरच्याकडची जुनी नोंद गेली आहे, इथूनही काढा आणि पुन्हा जोडा’ एवढं साध्या भाषेत सांगणं मुळीच अवघड नाही, आणि ते सांगायला हवं.

मग मोबाइल मुकाट्याने नवी किल्ली का बनवून घेत नाही? याचं उत्तरही शकेद आणि वूल यांच्याच कामात आहे. पिन शोधायला पेअरिंग चालू असताना ऐकावं लागतं, आणि पेअरिंग तर क्वचितच होतं. म्हणून त्यांनी ते घडवून आणण्याची युक्ती सांगितली. ओळखीच्या उपकरणाचा पत्ता धारण करायचा आणि ‘माझी किल्ली हरवली’ असं खोटंच कळवायचं. समोरचा जुनी किल्ली टाकून पुन्हा पेअरिंगला बसला, की आपलं काम झालं. खरोखर विसरलेला इयरफोन आणि विसरल्याचं सोंग करणारा भामटा, दोघांचं उत्तर शब्दशः एकच. मोबाइलला त्यांतला फरक कळायला मार्ग नाही, म्हणून निर्णय माणसाकडे येतो.

उलटा प्रकारही होतो. फोन नवा घेतला किंवा कोरा केला, तर विसरलेला असतो फोन. इयरफोन जुन्याच ओळखी शोधत राहतात आणि नव्या यादीत त्यांचं नाव दिसतही नाही. खूण सोपी आहे. नाव यादीत असून जोडणी होत नसेल, तर आधी फोनवरून ‘फर्गेट’ करावं. नाव दिसतच नसेल, तर इयरफोनला बटण दाबून पेअरिंग मोडमध्ये आणावं. शंका असली तर दोन्हीकडची नोंद काढणं उत्तम. इयरफोन किंवा गाडीचा स्टिरिओ मोजक्याच ओळखी साठवतो. नवा पाहुणा आला की बऱ्याचदा सर्वांत जुनी ओळख गुपचूप पुसली जाते, आणि घरात फोन जास्त असले की हे वारंवार घडतं.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना ब्लूटूथ माऊस फार छळतो. संगणकाचा ब्लूटूथ पत्ता एकच, त्यामुळे माऊसच्या लेखी तो एकच गडी. विंडोजमध्ये पेअर केलं की एक किल्ली ठरते. लिनक्समध्ये पुन्हा पेअर केलं की माऊस त्याच पत्त्यापुढे दुसरी लिहितो आणि विंडोजकडची किल्ली निकामी होते. यावर उपाय आहे. शेवटचं पेअरिंग विंडोजमध्ये करायचं, तिथल्या रजिस्ट्रीतून किल्ली वाचायची आणि लिनक्समध्ये `/var/lib/bluetooth` खाली त्या माऊसच्या `info` नावाच्या फाइलमध्ये जुनीच्या जागी ती लिहायची. मग ब्लूटूथ सेवा पुन्हा सुरू केली, की माऊस दोन्हीकडे चालतो.