अहवालासोबतचे पत्र : चिंचोळीतल्या टॉवेल कारखान्याचे ऊर्जा ऑडिट

ऊर्जा ऑडिटचा अहवाल बहुधा सत्तर-ऐंशी पानांचा आणि इंग्रजीत असतो. त्यावर जोडलेले पत्र मात्र पान-दीड पानाचे आणि मालकाच्या भाषेत असावे लागते. अहवाल मोजणी नोंदवतो, तर त्या मोजणीवरून कारखान्यात नेमके काय करायचे हे पत्र सांगते. पत्र म्हणजे अहवालाचा सारांश नव्हे. सारांशात सगळे थोडे थोडे येते. पत्रात तीनच गोष्टी आल्या तरी चालते, पण त्या अशा लिहिलेल्या हव्यात की मालकाने पत्र उचलून बॉयलरवर जावे आणि तिथे उभे राहून ते वाचता यावे.

सोलापूर-पुणे महामार्गालगतच्या चिंचोळी एमआयडीसीतला, स्वतःचे रंगकाम खाते असलेला एक मध्यम टॉवेल कारखाना उदाहरणासाठी घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, पण अशा कारखान्याच्या आवाक्यातले आहेत. कायद्याने ऊर्जा ऑडिट बंधनकारक आहे ते फक्त मोठ्या, ‘नामनिर्देशित’ ग्राहकांना. कापड उद्योगासाठी ही मर्यादा वर्षाला 3000 टन तेलाइतक्या ऊर्जेची ठेवण्यात आली. चिंचोळीतला असा कारखाना तिच्या जवळपासही जात नाही. म्हणजे इथे मालकाने ऑडिट स्वतःहून, खिशातून पैसे देऊन करून घेतलेले असते, आणि त्याचा पहिला प्रश्न ‘किती वाचतील?’ हाच असतो. पत्र बिघडते तेही याच प्रश्नाच्या उत्तरात.

पहिली नोंद दाबाच्या हवेची. रंगकामाची यंत्रे, शिलाई आणि साफसफाई मिळून एक 22 किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर चोवीस तास चालतो. गळती मोजायची रीत साधी आहे. साप्ताहिक सुट्टीला हवा वापरणारी सगळी यंत्रे बंद ठेवायची, कॉम्प्रेसर मात्र चालू ठेवायचा आणि हातात घड्याळ घ्यायचे. दाब उतरला की कॉम्प्रेसर ‘लोड’वर जातो, आवाज जड होतो. दाब भरला की ‘अनलोड’ होतो, आवाज हलका पडतो. हवा कोणीच वापरत नसताना दहा मिनिटांत तीन मिनिटे कॉम्प्रेसर लोडवर राहिला, तर त्याची तीस टक्के क्षमता भोकांतून जाते आहे. शेड शांत असते तेव्हा जोडांवरचा, होजच्या क्लिपांवरचा फुस्स आवाज नुसत्या कानालाही कळतो. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात.

अहवालातल्या तक्त्यात हे असे येते : गळती 30 टक्के, म्हणजे 6.6 किलोवॉट, वर्षाचे 7200 तास धरून 47,520 युनिट, युनिटला 8 रुपयांप्रमाणे 3 लाख 80 हजार रुपये. आकडा बरोबर आहे. पण पत्रात ‘गळती बंद केल्यास वर्षाला 3 लाख 80 हजार वाचतील’ असे लिहिले, तर ते चूक ठरेल. तक्त्यातला आकडा नुकसानीचा आहे. बचत ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती दोन कारणांनी लहान निघते.

एक तर गळती शून्यावर येत नाही. नळी, जोड, व्हॉल्व्ह यांचे जाळे असलेल्या चालत्या कारखान्यात ती दहा टक्क्यांवर आणून तिथे टिकवली तरी काम चांगले झाले म्हणायचे. तेव्हा तिसातले वीस टक्केच हाती लागतात, म्हणजे 31,680 युनिट. दुसरे कारण बऱ्याच पत्रांतून सुटते. गळती कमी झाली म्हणून कॉम्प्रेसर बंद पडत नाही, तो अनलोडवर फिरत राहतो. आणि जुन्या पद्धतीचा स्क्रू कॉम्प्रेसर रिकामा फिरतानाही पूर्ण भाराच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज खातो. तीस टक्के धरले तर 31,680 मधले सुमारे 22,200 युनिटच खरोखर वाचतात. त्याचे होतात पावणेदोन लाखांच्या आसपास.

या नोंदीपुरते पत्र मग असे होते : ‘आपल्या कॉम्प्रेसरच्या दर दहा मिनिटांतली तीन मिनिटे गळतीसाठी जातात. यातून वर्षाला सुमारे 3 लाख 80 हजार रुपयांची वीज वाया जाते. दुरुस्तीने त्यातले पावणेदोन लाख परत मिळतील. उरलेल्यातले आणखी काही मिळवायचे तर कॉम्प्रेसरचा वेग मागणीप्रमाणे बदलणारा ड्राइव्ह लागेल, त्याचा हिशेब अहवालात स्वतंत्र दिला आहे.’ मोठा आकडा पुसलेला नाही आणि लहान आकड्याची हमी मात्र देता येते. आठ रुपये हा दरही इथे उघड सांगावा लागतो. एकूण बिलाला युनिटने भागून येणाऱ्या सरासरी दरात मागणी आकारही मिसळलेला असतो, आणि गळती थांबली म्हणून तो आपोआप उतरत नाही. बचतीला फक्त वीज आकाराचा दर लावायचा. सरासरी दर लावणारा अहवाल कागदावर जास्त श्रीमंत दिसतो, इतकेच.

दुसरी नोंद बॉयलरची. दिवसाला सहा टन ब्रिकेट, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या विटा, जळतात. तीनशे दिवसांचे 1800 टन. वाफ कॉइलमधून फिरून रंगाचे पाणी तापवते आणि थंडावून पुन्हा पाणी होते. हे कंडेन्सेट 92 अंशांचे, जवळजवळ डिस्टिल्ड पाणी असते, आणि ते गटारात सोडलेले असते. बॉयलरच्या टाकीत त्याच वेळी 32 अंशांचे पाणी नव्याने भरले जाते. टाकीतले पाणी दर 6 अंशांनी गरम झाले की सुमारे एक टक्का इंधन वाचते, हा बॉयलरवाल्यांचा जुना आडाखा. निम्मे पाणी कंडेन्सेटचे आले तर टाकीचे तापमान 32 आणि 92 च्या मधोमध, 62 वर येते. तीस अंश म्हणजे पाच टक्के, म्हणजे 90 टन ब्रिकेट. किलोला 7 रुपये धरले तर 6 लाख 30 हजार.

निम्मेच का, हा प्रश्न मालक विचारणारच, तेव्हा उत्तर पत्रातच असावे. रंगकामात काही ठिकाणी वाफ कॉइलमधून न जाता थेट पाण्यात सोडतात. ती वाफ रंगाच्या पाण्यात मिसळून जाते, तिचे काही परत आणता येत नाही.

या शिफारशीला एक धोकाही आहे. अहवालात तो आत कुठे तरी एका ओळीत असतो, पत्रात तो वर यायला हवा. कॉइलला बारीक चीर असेल तर वाफ बंद होताच रंगाचे, मिठाचे पाणी आत ओढले जाते. ते कंडेन्सेटबरोबर बॉयलरमध्ये गेले की पाणी फेसाळते आणि ट्यूबांवर थर बसतो. म्हणून परतीच्या नळीवर पाण्याची क्षारता दाखवणारे मीटर बसवून, बिघाड दिसताच ते पाणी गटाराकडे वळवण्याची सोय आधी करायची, नळी नंतर जोडायची. ही अट गाळून नुसते सहा लाख लिहिणारे पत्र मालकाला नव्या ट्यूबांच्या खर्चात पाडू शकते.

कंडेन्सेटच्या वाटेवर स्टीम ट्रॅप असतात. त्यांनी पाणी सोडायचे आणि वाफ अडवायची. बिघडून उघडा राहिलेला ट्रॅप वाफच सोडत राहतो. पत्रात ‘ट्रॅप क्र. 4 व 9 बदलावेत’ एवढेच लिहून भागत नाही, कारण हे रोज पाहणारा माणूस अहवाल वाचणारा नसतो. सोलापुरात त्याची घरची भाषा अनेकदा तेलुगू किंवा कन्नड असते, आणि इंग्रजी तक्ता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पत्रात खूण द्यावी : चांगल्या ट्रॅपच्या तोंडाशी वाफ थांबून थांबून, आळसावल्यासारखी निघते, बिघडलेल्याच्या तोंडाशी सलग झोत असतो आणि तोंडालगतचा वीतभर भाग रिकामा, पारदर्शक दिसतो. ती कोरडी जिवंत वाफ, तिथे हात न्यायचा नाही. पांढरा ढग त्याच्या पुढे सुरू होतो.

तिसरी नोंद थोडक्यात आटोपते. महाराष्ट्रात एचटी ग्राहकांचे बिल 1 एप्रिल 2020 पासून केडब्ल्यूएच ऐवजी केव्हीएएच युनिटवर येते. पॉवर फॅक्टर घसरला की दंड म्हणून वेगळी ओळ दिसत नाही, युनिटच वाढून येतात, आणि म्हणून ते लक्षात येत नाही. महिन्याला 80,000 युनिट खरा वापर असेल तर 0.93 पॉवर फॅक्टरला बिल 86,022 युनिटचे येते आणि 0.99 ला 80,808 चे. फरक 5,214 युनिट, महिन्याला सुमारे 41,700 रुपये. पॅनलमधले फुगलेले कपॅसिटर बदलणे हे या तिन्हींत सर्वांत स्वस्त आणि लवकर होणारे काम. अहवालात ते तिसरे असले तरी पत्रात पहिले घालावे.

आकड्यांची बेरीज हा पत्रातला शेवटचा सापळा आहे. अहवालाच्या अखेरीस सगळ्या शिफारशींची बचत एकाखाली एक मांडून एकूण काढलेली असते. पण हवेचा दाब साडेसात बारवरून साडेसहावर आणल्याने वाचणारी सहा-सात टक्के वीज गळती बंद करण्याआधीच्या वापरावर मोजली असेल, तर गळती बंद झाल्यावर ती तेवढी उरत नाही. ट्रॅप आधी बदलले तर ब्रिकेट सहा टनांपेक्षा कमी लागतील आणि कंडेन्सेटचे पाच टक्केही त्या कमी इंधनाचे होतील. म्हणून पत्रात एकूण आकडा न देता क्रम द्यावा : आधी कपॅसिटर आणि गळती, मग दाब, मग ट्रॅप, आणि शेवटी मीटरसह कंडेन्सेटची नळी. प्रत्येकापुढे ‘मोजलेले’ की ‘अंदाजित’ हेही लिहावे. वरच्या उदाहरणात तीन मिनिटे आणि 92 अंश हे मोजलेले. दहा टक्क्यांवर येणारी गळती आणि निम्मे परत येणारे पाणी हे अंदाज.

मोजणीची तारीखही पत्रात लागते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी आपसूकच 32 अंशांना असते, डिसेंबरात ते बरेच गार असते. उन्हाळ्यात मोजलेली इंधनाची बचत हिवाळ्यात थोडी वाढूनच येईल. कामे झाल्यावर पडताळा घ्यायचा तो त्याच रीतीने : सुट्टीच्या दिवशी तोच कॉम्प्रेसर, तेच घड्याळ. दहा मिनिटांत लोडची तीन मिनिटे एकावर आली असतील तर पावणेदोन लाख खरे. दोनच्या वर राहिली, तर साबणाचे पाणी घेऊन पुन्हा जोड तपासायला लागायचे.