उभ्या ट्रकांखालच्या सह्या

10 सप्टेंबर 2012 रोजी गोवा सरकारने खाणी स्थगित केल्या आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने उत्खननासह वाहतूकही थांबवली. डिचोली, साखळी, आमोणे या पट्ट्यात खनिज धक्क्यावर नेणारे ट्रक दारात उभे राहिले. हप्ते मात्र चालूच होते. त्या काळात ट्रकमालकांची व्यथा पुष्कळ छापून आली. पण ट्रकचे स्टिअरिंग कधी न धरताही ज्यांनी कर्जाच्या कागदावर सही केली होती, त्यांचे काय झाले?

ही माणसे बहुतेक घरातलीच. भाऊ, बायको, मेहुणा, किंवा पक्की नोकरी असलेला एखादा शेजारी. धंद्यात त्यांचा पैसा नव्हता. कर्ज देणाऱ्याला त्यांचा पगार हवा होता, एवढेच.

कल्पनेतलेच एक उदाहरण घेऊ. तीन भावांनी सहकर्जदार म्हणून सह्या केल्या आणि ट्रक चालवला थोरल्याने. खाण बंद झाली तेव्हा 12 लाख बाकी होते. वित्तसंस्थेने ट्रक ओढून नेला. तालुक्यातले ट्रक एकाच वेळी विकायला निघाल्यावर भाव कुठला? लिलावात 3 लाख आले, 9 लाख उरले. मधला भाऊ शिक्षक. त्याची समजूत अशी, की आपल्या वाट्याला फार तर 3 लाख येतील. पण भारतीय करार कायद्याच्या कलम 43 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, कर्ज देणारा सगळे 9 लाख एकट्या शिक्षकाकडे मागू शकतो. थोरल्याकडे आधी जा, असे त्याला सांगता येत नाही. हुकूमनामा झाला की पगाराचा साधारण एक तृतीयांश भाग जप्तीत जाऊ शकतो. त्याच्या पत-अहवालात तर कर्ज पहिल्यापासून पूर्णच दिसत असते, त्यामुळे स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर तिथेही अडते.

भावाभावांतला हिशेब नंतरचा, आणि तो ज्याने भरले त्याने मागायचा. शिक्षकाने 9 लाख भरले तर दोघांकडून 3-3 लाख मिळायला हवेत. थोरला कफल्लक असेल तर त्याचा वाटा उरलेल्या दोघांवर सारखा पडतो, म्हणजे धाकट्याने साडेचार द्यायचे. हा दावा भरणा केल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. पैसे थोरल्याच्या हाती रोख दिले असतील तर पुरावा काय दाखवणार? स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरलेली रक्कम कोर्टात सिद्ध करणे सोपे जाते.

2014 मध्ये राज्य सरकारने खाणबाधित कर्जदारांसाठी कर्जदिलासा योजना आणली. अशा तडजोडीत सही करणाऱ्याने पाहायचे ते हे, की पूर्ण कर्जखाते बंद होते की एकालाच मोकळे केले जाते. धाकट्याने काही रक्कम देऊन स्वतःपुरती सुटका करून घेतली तर कलम 44 प्रमाणे बाकीचे दोघे सुटत नाहीत. धाकटाही कर्ज देणाऱ्यापासूनच सुटतो, भावांच्या हिशेबातून नाही. म्हणून बेबाकी दाखल्यावर स्वतःचे नाव आणि खाते बंद झाल्याचा उल्लेख, दोन्ही हवेत.

शिक्षक जामीनदार असता तर? मागणी तेव्हाही थेट त्याच्याकडेच येऊ शकली असती, पण भरलेली सगळी रक्कम त्याला मूळ कर्जदाराकडून मागता आली असती. कर्ज देणाऱ्याने मूळ कर्जदाराला कराराने मोकळे केले तर जामीनदारही सुटतो. अर्थात छापील फॉर्मात हे हक्क सोडल्याचे कलम बहुधा आधीच बसवलेले असते, आणि ते सही करताना कोण वाचतो!

गोव्यात आणखी एक गुंता आहे. इथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा समाईक असते, म्हणून घर तारण ठेवताना दोघांच्या सह्या लागतात. तारणाला संमती देणाऱ्या बायकोचे घर धोक्यात येते. तीच सही सहकर्जदार म्हणून केली तर तिचा स्वतःचा पगारही त्यात ओढला जातो. कागद एकाच गठ्ठ्यात येतात, आणि कोणती सही कशासाठी हे विचारणे घरात अविश्वासाचे वाटते. मला तरी ते विचारणे रास्त वाटते.

फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मधे सुरू झालेल्या खाणी 16 मार्चपासून पुन्हा थांबल्या. मधल्या काळात नवी कर्जे काढलेल्या घरांत तोच हिशेब दुसऱ्यांदा सुरू झाला.

आता पेडण्यातही अशा सह्या होतात. जानेवारी 2023 मध्ये मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि कामासाठी आलेली मुले एका करारावर मिळून खोल्या घेऊ लागली. तिघांची नावे, भाडे 15 हजार. एक जण नोकरी सोडून गावी गेला तरी मालक पूर्ण 15 हजार उरलेल्या कोणाकडेही मागू शकतो. प्रत्येकाचे 5 हजार वेगळे धरायचे असतील तर तसे करारातच लिहून घ्यावे लागते, आणि जाणाऱ्याचे नाव काढायचे तर मालकाची लेखी संमती लागते.