उत्तर १५४ की १५३.८६?

सातवी-आठवीच्या सरावपत्रिकेत हमखास येणारं गणित घ्या: त्रिज्या ७ सेंमी, वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा. मुलीचं उत्तर येतं १५३.८६ चौसेंमी आणि मागच्या पानावर छापलेलं असतं १५४. घरात लगेच ‘कुठे चुकलीस?’ सुरू होतं. चूक कुणाचीच नसते. तिने π साठी ३.१४ घेतले, उत्तरसूचीने २२/७. त्रिज्येचा वर्ग ४९. त्याला २२/७ ने गुणलं की सात कटतात आणि नेमके १५४ उरतात. कॅल्क्युलेटरवरचं π चं बटण दाबलं, तर तिसरंच उत्तर येतं, १५३.९४.

यातलं एकही मूल्य म्हणजे खरा π नव्हे. तो ३.१४१५९… असा न संपता पुढे जातो. २२/७ त्याहून किंचित मोठं, ३.१४ किंचित लहान. गंमत म्हणजे दशांशात लिहिलेलं ३.१४ अधिक काटेकोर वाटतं, पण खऱ्या π च्या जास्त जवळ २२/७ च आहे.

पाठ्यपुस्तकात बहुधा ‘π = ३.१४’ असं कंसात दिलेलं असतं. सुट्या पत्रिकांवर ते राहून जातं. मग आकड्यांकडे पाहावं. त्रिज्या ७, १४, २१ किंवा ३.५ असेल तर गणित करणाऱ्याच्या मनात २२/७ होतं. १० किंवा २० असेल तर बहुधा ३.१४. खात्री करायची तर छापील क्षेत्रफळाला त्रिज्येच्या वर्गाने भागा, परिघाला व्यासाने. १५३.८६ भागिले ४९ केलं की बरोबर ३.१४ येतात. मात्र उत्तर पूर्णांकात दिलं असेल तर हा उपाय चालत नाही, कारण वरची तिन्ही उत्तरं पूर्णांकात १५४ च होतात.

फरक π चाच आहे की खरी चूक आहे, हेही ओळखता येतं. २२/७ आणि ३.१४ यांच्या उत्तरांत हजारामागे एकाहूनही कमी फरक पडतो. त्रिज्या ७० सेंमी असेल तर १५४०० आणि १५३८६ अशी उत्तरं येतात. चौदाचा फरक पाहून दचकायला होतं, पण प्रमाण तेच आहे. उत्तर चौपट आलं, तर मात्र π ला दोष देऊ नये; त्रिज्येच्या जागी व्यास घातला गेलाय.

वजाबाकी आली की ही मोजपट्टी सैल करावी लागते. १४ सेंमी बाजूच्या चौरसातून त्यात बसणारं वर्तुळ कापलं, तर कोपऱ्यांत एका मूल्याने ४२ चौसेंमी उरतात, दुसऱ्याने ४२.१४. इथे फरक हजारामागे तीनाच्या वर गेला, तरी दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यायला हवेत.